आठ इंची लाल ओळ

भद्रकालीत माझं पेंटिंगचं दुकान होतं तेव्हा मला पोस्टाने पत्रं फारशी येत नसत. यायची ती लग्नपत्रिका नाहीतर सासुरवाडीची तक्रार. गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहायचं आणि बोटाने हवेत बोर्ड काढून दाखवायचं, "असा लंबा करा, पेंटर, झकास." एवढ्यावर मी आयुष्यभर बोर्ड रंगवले. त्यामुळे भाद्रपदातल्या एका सकाळी पोस्टमनने जाड पाकीट हातात दिलं तेव्हा मी आधी कोण वारलं असेल याचा विचार केला.

पत्र मिठाईवाल्या शेठचं होतं. आता गंमत ऐका. शेठचं दुकान माझ्या दुकानापासून चारशे पावलांवर. मी मोजलेली आहेत, कारण रोज सकाळी तिथूनच जिलबी आणायचो. त्या दिवशीही आणली होती. म्हणजे ज्या माणसाने मला तासाभरापूर्वी कागदात जिलबी बांधून दिली, त्याचंच पत्र पोस्टाची तिकिटं लावून, ठप्पा खाऊन, दोन दिवस फिरून माझ्याकडे आलं होतं. जिलबी देताना पठ्ठ्याने चकार शब्द काढला नव्हता.

पत्र अजून माझ्याकडे आहे. दुकानाचं आणि माणसांचं नाव मी सांगणार नाही, बाकी जसंच्या तसं उतरवतो.

"॥ श्री ॥

रा. रा. पेंटर यांस, स. न. वि. वि.

दुकानाचा नवा बोर्ड करावयाचा आहे. तोंडी सांगितलेले तुम्ही विसरता, म्हणून लिहून देत आहे.

बोर्ड बारा फूट बाय चार फूट. पत्रा जाड. चौकट सागाची, जुनीस वाळवी लागली. जमीन बाटलीसारखी हिरवी. वर मध्यभागी श्री, लहान. त्याखाली आमच्या वडिलांचे नाव व पुढे मिठाईवाले. अक्षर दीड फूट. रंग पिवळा, केशराचा असावा, हळदीचा नको. अक्षरांची पोटे भरलेली असावीत. काना-मात्रा बारीक काढून त्यांस उपाशी ठेवू नये. शिरोरेघ सलग. शेड काळी, आणि सर्व अक्षरांस एकाच बाजूस.

मिठाईची चित्रे काढू नयेत. मागील वेळी तुम्ही लाडू काढलेत, लोक संत्री मागण्यास येतात. फोन नाही, तेव्हा फोन काढू नये.

खाली एक फूट पट्टी पांढरी सोडून तीत एकच ओळ घालावी : आमची कोठेही शाखा नाही. अक्षर आठ इंच. समोरच्या पाणपोईवरून चष्म्याशिवाय वाचता आले पाहिजे. या ओळीचा रंग लाल, सोबत जोडलेल्या नमुन्याबरहुकूम. दुसरा लाल चालणार नाही.

दसऱ्यास लावणे आहे. कळावे."

खाली शेठची सही. सही म्हणजे काय, कढईत झारा फिरवावा तशी एक गोल रेघ. बाकी सगळं पत्र जांभळ्या शाईत, वळणदार अक्षरात. ते अक्षर सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दुकानातल्या प्रत्येक परातीवर त्याच अक्षरातली चिठ्ठी असायची. ते वहिनींचं, म्हणजे शेठच्या बायकोचं. शेठ सांगायचे आणि वहिनी लिहायच्या. शेठना वाचता यायचं, लिहायचा मात्र कंटाळा.

नमुना म्हणून बटरपेपरात साखरेचा तुकडा होता. पाडव्याला गुढीला आणि पोरांच्या गळ्यात साखरेचं हारकडं घालतात ना, त्याच्यातल्या गुलाबी पदकाचा तुकडा. पोस्टाच्या ठप्प्याखाली त्याचा भुगा झालेला. मी तो भुगा काचेच्या तुकड्यावर ठेवला आणि उन्हात धरून पाहिला. गुलाबीकडे झुकणारा लाल. पाच मिनिटांत मुंग्या आल्या आणि नमुना घेऊन गेल्या. पण रंग माझ्या डोळ्यात बसला होता. रंग आणि अपमान मी विसरत नाही.

अक्षराबद्दल मला कोणी शिकवलेलं खपत नसे, म्हणून लाडवाचं वाक्य वाचून डोकं सणकलंच. ते लाडूच होते. बुंदीसुद्धा दाणा-दाणा काढली होती. पण खरं सांगायचं तर बाकीचं पत्र वाचून मी गार पडलो. अक्षरांना उपाशी ठेवू नये! अहो, आमच्या धंद्यातल्या अर्ध्या लोकांना हे कळत नाही. जागा कमी पडली की पहिली काटछाट वेलांटीची. फक्त आठ इंचांत वेलांटी धरली की नाही ते पत्रात नव्हतं. मी धरली, नाहीतर ती पट्टीबाहेर जाऊन वडिलांच्या नावात घुसली असती.

आता ती खालची ओळ कशासाठी, हे आख्ख्या भद्रकालीला माहीत होतं. शेठना एकच धाकटा भाऊ. आई-वडील गेले तेव्हा तो पाच वर्षांचा, आणि वहिनी नुकत्याच लग्न होऊन आलेल्या. त्यांना पुढे मूल झालं नाही. हाच त्यांचा मुलगा. त्याला भरवलं, शाळेत घातलं, मिसरूड फुटल्यावर गल्ल्यावर बसवलं. शेठ खवा स्वतः आटवायचे, सकाळी चारपासून, स्वतःच्या कढईत. एका दिवाळीला मागणी पुरी होईना, तेव्हा धाकट्याने न विचारता मालेगावकडच्या व्यापाऱ्याचा तयार खवा आणला आणि बर्फी थापली. शेठनी एक तुकडा तोंडात घातला, सगळ्या पराती उचलल्या आणि गिऱ्हाइकांसमोर मोरीत उपड्या केल्या. धाकटा म्हणाला, "दादा, तुझ्या हाताला आता चव राहिली नाही, म्हणून दुसऱ्याची टोचते तुला." हेही गिऱ्हाइकांसमोर. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन घराबाहेर पडला.

चार-पाच महिन्यांनी त्याने कोपऱ्यावर दुकान टाकलं. वडिलांचंच नाव दिलं, कारण वडील दोघांचेही. त्याचा बोर्ड मी केला नाही. दुसऱ्या पेंटरने केला आणि अर्ध्या अक्षरांना डावीकडे शेड दिली, अर्ध्यांना उजवीकडे. त्या बोर्डावर दोन सूर्य उगवलेले होते. असो. लोक शेठना विचारायला लागले, "कोपऱ्यावरची तुमचीच शाखा ना?" दिवसाला वीस जण विचारत. शेठ काही बोलत नसत. शेवटी उत्तर देण्यासाठी त्यांनी मला पत्र लिहिलं.

आपल्याकडे ही ओळ पुष्कळ बोर्डांवर असते. चिवड्यावाले लिहितात, तंबाखूवाले लिहितात, ज्याला शाखा काढायची ऐपतच नाही तोही लिहितो. मी ती शंभरदा लिहिली असेल. पण ती नेहमी कोपऱ्यात, दोन इंचांत असते. आठ इंचांत, पट्टी आखून, भावाच्या दुकानाच्या दोनशे पावलांवर मी ती कधी लिहिली नव्हती. ती एकदा लागली की तो मुलगा त्या घराचा नाही, हे चव्हाट्यावर मांडलं जाणार होतं. मला ते कळत होतं. पण मी पेंटर. भांडण सोडवणं पत्रात लिहिलेलं नव्हतं.

मला काळजी होती ती रंगाची. गुलाबीकडे झुकणारा लाल हा रंग नव्हे, पाहुणा आहे. ऊन लागलं की निघाला. शेठच्या दुकानाचं तोंड पश्चिमेला, दुपारी तीनपासून सूर्य सरळ बोर्डावर. त्या लालची वर्षात पिठी होणार, दीड वर्षात पट्टी कोरी. एका औषधवाल्याच्या बोर्डावर मी तो वापरून तोंडघशी पडलो होतो. तेव्हापासून ठरवलं होतं, कोपऱ्यात माझी सही असलेल्या बोर्डावर उडणारा रंग नाही.

म्हणून मी सांगायला गेलो. शेठ जिलबी सोडत होते. म्हटलं, खालच्या ओळीचा लाल टिकणार नाही, काळा करू या. त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, पत्रात लिहिलंय तसं करा. मी वहिनींकडे वळलो. त्या पुडा बांधत होत्या. त्यांनी दोऱ्याला गाठ मारली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "पेंटरभाऊ, लिहिलंय तसंच करा हं."

ते 'हं' मला ऐकू आलं. कळलं नाही. मला वाटलं, बाईमाणूस, साखर रंगवणारी, हिला तेलरंगाचं काय कळणार. चांगला पेंटर गिऱ्हाइकाचं ऐकत नाही, गिऱ्हाइकाचं भलं करतो, असा माझा तेव्हा समज होता. त्या समजाला आज काय म्हणावं ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही.

मी काम मन लावून केलं. पत्र्याला प्रायमरचे दोन हात, मध्ये पॉलिश पेपर. हिरव्या जमिनीचे तीन हात, प्रत्येक एक दिवस वाळवून. खडूत भिजवलेलं सूत दोन्ही टोकांना ताणून मधे टिचकी मारली की रेघ उमटते, तशा तीन रेघा मारल्या : शिरोरेघेची, तळाची आणि वर मात्रांची. पिवळ्यात किंचित नारिंगी घातला तेव्हा कुठे केशर उतरलं. आणि खालच्या ओळीसाठी रेड ऑक्साइड घेतला. लोखंडी पुलांना जो लावतात तो. त्यात थोडा चांगला लाल मिसळून रंग उजळ केला. नमुन्याच्या जवळपास आणला, पण पाया पुलाचा. दोन हात दिले, वरून वॉर्निश. बारा फुटांची ती ओळ अशी उतरली की मी स्वतः पाणपोईच्या अंतरावर जाऊन, चष्मा काढून, पाच मिनिटं वाचत उभा राहिलो. आयुष्यात मी काढलेली ती सगळ्यात सुरेख ओळ आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही.

दसऱ्याला बोर्ड चढला. हार, नारळ, शेठच्या हातचे पेढे. गल्ली जमली होती. लोक वडिलांचं नाव वाचायचे आणि नजर खाली आली की कोपऱ्याकडे वळून बघायचे. शेठनी बोर्डाकडे एकदा पाहिलं आणि ते आत कढईशी गेले. वहिनी मात्र बाहेर येऊन रस्त्याच्या मध्यावर उभ्या राहिल्या. सायकली त्यांना वळसा घालून जात होत्या. मग म्हणाल्या, "हा रंग तो नाही."

मी म्हणालो, "वहिनी, तो वर्षात उडाला असता. हा वीस वर्षं हलणार नाही."

त्यांचा चेहरा असा झाला, जसा दूध नासल्यावर होतो. ओरडायचं कोणावर ते समजत नाही, दूध तर गेलेलंच असतं. त्यांनी माझ्या हातावर दोन पेढे ठेवले आणि आत गेल्या. मी पेढे खाल्ले. घरी जाऊन बायकोला म्हटलं, लोकांना चांगल्या कामाची किंमत नाही.

पुढे वर्ष गेलं. धाकट्याचं दुकान चाललं, शेठचं आधीपासून चालत होतंच. गणपतीच्या आधी मी शेठच्या समोरच्या कापडवाल्याचं शटर रंगवत होतो. पाहतो तर धाकटा कोपऱ्यावरून चालत येतोय. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्याचा पुडा. त्याला मुलगा झाल्याचं गल्लीत आदल्या दिवशीच कळलं होतं. तो पाणपोईपाशी आला आणि थांबला. समोर दुकान, गल्ल्यावर वहिनी. पुढे दहा पावलं होती. त्याने मान वर करून बोर्ड पाहिला. रोज पाहत असेलच तो, पण त्या दिवशी हातात पुडा होता. चष्मा त्याला नव्हताच, लागलाही नसता. वाचून झाल्यावर त्याने पुडा उघडला, पाणपोईवर पाणी प्यायला थांबलेल्या हातगाडीवाल्यांना एकेक पेढा दिला, रिकामा कागद खिशात घातला आणि आला तसा परत गेला. गल्ल्यावर वहिनी उभ्या राहिल्या होत्या. त्या खाली बसल्या तेव्हा समोरच्या गिऱ्हाइकाने तिसऱ्यांदा पाव किलो म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या दुकानात आल्या. कधी आल्या नव्हत्या. मी स्टूल पुसून दिलं, त्या बसल्या नाहीत. त्यांनी सरळ सांगायला सुरुवात केली, आवाज न चढवता. पत्र लिहिलं त्या रात्री शेठ रागारागाने मजकूर सांगत होते. म्हणाले होते, खालची ओळ काळी, कायमची. वहिनींनी सगळं सांगितल्याप्रमाणे लिहिलं. फक्त रंग त्यांनी त्यांच्या मनाचा घातला. अठरा वर्षं त्या हारकडी रंगवत होत्या. न खपलेली गुलाबी हारकडी दुकानाच्या काचेत राहिली की रामनवमीपर्यंत पांढरी पडतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. मी जेव्हा दुकानात येऊन म्हणालो की हा लाल वर्षभरात उडेल, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली.

"वर्षभर राग पुरे होता," त्या म्हणाल्या. "आपोआप गेला असता. कोणाला माघार घ्यावी लागली नसती."

मला तोंड वर करवेना. म्हटलं, आत्ता शिडी घेऊन येतो, पुसून टाकतो. त्या म्हणाल्या, तुम्ही पुसलंत तर मी पुसायला लावलं असं होईल, ते तर त्याहून वाईट. शेठ रोज सकाळी दुकान उघडताना त्या ओळीकडे बघतात. कधीच चुकवत नाहीत. "राहू द्या आता," म्हणाल्या आणि पदर सारखा करून निघून गेल्या.

संध्याकाळी हे मी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "भांडण वीस वर्षं टिकवायचं असेल तर लोकांनी तुमच्याकडेच यावं." आणि भाकरी उलटली.

मला रडू आलं असं लिहिलं तर माझे जुने दोस्त हसतील. पण आलं होतं. मला माझ्या हातांचा राग आला. आपला हात चांगला आहे या घमेंडीपायी मी एका बाईचा मुलगा तिच्या दारातून परत पाठवला होता. पावसाळे आले, गेले. वडिलांच्या नावाचा केशरी रंग फिका झाला, हिरव्या जमिनीवर कढईच्या धुराचा थर चढला. ती ओळ तेवढी कालच रंगवल्यासारखी. जिलबी आणायला मी दुसऱ्या गल्लीत जायला लागलो. ती जिलबी भिकार होती.

दोन-तीनदा शेठना म्हणून पाहिलं की बोर्ड नवा करू, फुकट करून देतो, माझ्या हौसेखातर. शेठ म्हणायचे, बोर्ड चांगला आहे. एकदा म्हटलं, निदान खालची पट्टी धुऊन देतो. म्हणाले, पट्टी स्वच्छ आहे.

बोर्डाला तीन वर्षं झाली, त्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र मला राहवेना. त्या सकाळी धाकट्याचा मुलगा पाहिला मी. दोन वर्षांचा, बापाच्या कडेवर. शेठच्या दुकानावरून जाताना परातींकडे हात करून हट्ट करत होता आणि बाप त्याचं तोंड दुसरीकडे फिरवत होता. मी दुकानात गेलो, शिडी उचलली, टर्पेंटाइनचा डबा, चिंध्या आणि खरवडायची पत्री घेतली. शेठना काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. शिव्या खाऊ, फार तर धंदा जाईल. शिडी बोर्डाला लावली आणि चढलो. 'आमची'च्या 'आ'ला चिंधी लावली. काहीही झालं नाही. माझंच काम.

खालून आवाज आला, "काय करताय, पेंटर?"

शेठ झारा हातात घेऊन बाहेर आले होते. माझ्या तोंडून निघालं, "रंग उडालाय का बघत होतो."

शेठ वर बघत राहिले. कपाळावर घाम, अंगात गंजीफ्रॉक, झाऱ्यातून पाक ठिबकत होता. मला वाटलं, आता शिडी खेचतात.

"मी काळा सांगितला होता," ते म्हणाले. "तिने लाल लिहिला. मी सही करताना वाचलं ते."

मी शिडीवर होतो ते बरं, धरायला काहीतरी होतं.

"हारकडी मीही विकलीत इतकी वर्षं," शेठ म्हणाले. "तीन वर्षं रोज सकाळी बघतोय, पेंटर. जरासुद्धा उडत नाही."

त्यांचा आवाज गिऱ्हाइकाला भाव सांगताना असतो तसाच होता. मी म्हटलं, शेठ, चूक माझी, रंग पुलाचा लावलाय, चिंधीने जाणार नाही, खरवडावा लागेल. त्यांनी विचारलं, किती वेळ? मी म्हटलं, दुपार होईल. त्यांनी आत जाऊन कढई उतरवली, शेगडी बंद केली आणि येऊन शिडीचे दोन्ही पाय धरले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना. कोणी विचारलं तर म्हणत, जिलबी दुपारनंतर.

मी पत्री 'आ'वर टेकवली, पहिल्यापासून सुरुवात करावी म्हणून.

"तिथून नको," शेठ खालून म्हणाले. "आधी 'नाही' काढा."

मी खाली उतरलो, शिडी दुसऱ्या टोकाला नेली, पुन्हा चढलो. 'ही'ची वेलांटी निघायलाच पंधरा मिनिटं गेली. लाल भुगा शेठच्या डोक्यावर, खांद्यावर पडत होता, ते हलले नाहीत. 'ना' निघाला तेव्हा हाताला फोड आला होता. मागे वळून पाहिलं तर वहिनी दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. गल्ल्याकडे कोणी नव्हतं. उरलेली ओळ निघायची वाट न बघता त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि कोपऱ्याकडे चालू लागल्या. आधी सावकाश, मग भराभर.